मूठ पूर्ण मिटत नाही: छापील कृत्रिम पंजाच्या दोऱ्या कुठे ढिल्या पडतात आणि काय तपासायचं

सकाळी घातलेला पंजा व्यवस्थित मिटतो आणि दुपारपर्यंत बोटांची टोकं व अंगठा यांच्यात बोटभर फट राहायला लागते. हातात धरलेला पाण्याचा पेला हळूहळू खाली सरकतो. त्रिमितीय छपाईच्या स्वस्त पंजांबद्दल रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरून नेहमी येणारी तक्रार हीच, आणि पावसाळ्यात ती वाढते. बहुतेक वेळा पंजा बिघडलेला नसतो. दोरीची हालचाल दोन-चार मिलिमीटर कमी पडलेली असते, आणि ती कुठे गेली हे शोधलं की दुरुस्ती अर्ध्या तासात होते.

हे लिखाण मनगटाने चालणाऱ्या पंजासाठी आहे. ज्यांचं मनगट शाबूत आहे आणि तळव्याचा थोडा भाग उरलेला आहे, पण बोटं नाहीत, त्यांच्यासाठी ई-नेबल या छापील कृत्रिम पंजे बनवणाऱ्या जागतिक गटाच्या स्वयंसेवकांनी खुले केलेले फिनिक्स, रॅप्टर रीलोडेड यांसारखे आराखडे वापरले जातात. त्यात बॅटरी नाही, मोटर नाही. मनगट तळव्याच्या बाजूला वाकवलं की पंजाच्या पाठीवरून गेलेल्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की बोटांतलं इलॅस्टिक त्यांना उघडतं. दोऱ्यांची मागची टोकं मनगटापलीकडे बाहूवर बसणाऱ्या कवचाला बांधलेली असतात. त्या कवचाला इथे कफ म्हटलं आहे. कोपरापासून हात नसेल किंवा पंजा मोटरवर चालत असेल, तर पुढचे उपाय लागू पडणार नाहीत.

आधी लक्षण नीट बघा

लक्षण कोणतं आहे यावरून शोधाची दिशा निम्मी ठरते, म्हणून पेचकस हातात घेण्याआधी पंजा घातलेल्या अवस्थेत दहा वेळा मूठ मिटवून बघा.

सगळी बोटं सारख्याच प्रमाणात कमी मिटत असतील तर दोष बोटांत शोधू नका. सगळ्या दोऱ्या एकाच दिवशी सारख्याच लांबत नाहीत. अशा वेळी कफ उचलला जातोय, पट्टा ढिला आहे किंवा उरलेला तळवा ज्या खोबणीत बसतो त्या कपात मोकळी जागा झाली आहे. एकच बोट मागे राहत असेल तर त्या बोटाची गाठ, त्याचा स्क्रू किंवा दोरी जिच्यातून जाते ती त्याची नळी बघायची. बोटं मिटतात पण उघडायला आळस करतात, याचा अर्थ इलॅस्टिक थकलं आहे किंवा नळीत घर्षण वाढलं आहे. मिटताना धक्के बसत असतील, कुरकुर ऐकू येत असेल, तर मीठ आणि रेती आत गेली आहे. बोटांवर कुठेतरी दोरीचे केसासारखे तंतू उभे दिसत असतील तर एखादी कड धारदार आहे, आणि ती दोरी काही दिवसांत तुटणार.

एक लक्षण वेगळं ठेवा. पंजा काढल्यावर त्वचेवर लाल वळ दिसत असेल तर तो किती वेळात जातो ते घड्याळ लावून बघा. वीस मिनिटांत गेला तर तो दाबाचा साधा ठसा. अर्ध्या तासानंतरही दिसत असेल तर दोऱ्या घट्ट करण्याचा विचार सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

मिलिमीटरचा हिशेब

पुढची प्रत्येक तपासणी याच हिशेबावर उभी आहे, म्हणून तो एकदा नीट समजून घ्यायला हवा.

मनगटाच्या खिळीपासून दोरी जितकी वर असेल तितकी दोरीची ओढ जास्त. समजा नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा पंजा आहे. खिळीच्या मध्यापासून दोरी २० मिमी वरून जाते आणि मुलाचं मनगट ३५ अंश वाकतं. एका अंशाला साधारण ०.३५ मिमी दोरी ओढली जाते, म्हणजे पूर्ण वाकल्यावर १२ मिमी. आता बोटाकडे बघू. मुळाच्या सांध्यात दोरी साडेपाच मिमी अंतरावरून जाते आणि तो सांधा ७५ अंश वळायला हवा, म्हणजे ७.२ मिमी. पुढच्या सांध्यात अंतर ४ मिमी आणि वळण ६० अंश, म्हणजे ४.२ मिमी. एकूण गरज साडेअकराच्या आसपास.

मिळतात १२ आणि लागतात ११.५. हाताशी शिल्लक फक्त अर्धा मिलिमीटर. म्हणूनच सकाळी ठीक असलेला पंजा दोन-तीन मिमीच्या नुकसानाने लगेच कमजोर वाटायला लागतो. ३ मिमी गेले तर पाव मूठ गेली. तुमच्या पंजाचे आकडे वेगळे असतील, पण एका पट्टीने आणि शाळेच्या कोनमापकाने ते मोजता येतात. ते एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.

पहिली तपासणी: दोष कुठल्या बाजूला आहे

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. पंजा हातातून काढा आणि टेबलावर ठेवून मनगटाच्या खिळीपाशी सरळ धरा. कफवरून सगळ्या दोऱ्या एकत्र चिमटीत पकडून हळूहळू मागे ओढा. हे दोनदा करा, एकदा पंजा पालथा ठेवून आणि एकदा उताणा.

हाताने ओढल्यावर बोटं सहज पूर्ण मिटली तर बोटं, नळ्या आणि दोऱ्या ठीक आहेत. नुकसान हात आणि कफ यांच्यामध्ये होतंय, म्हणजे फिटिंगमध्ये. हाताने ओढूनही बोटं अडखळली किंवा फार जोर लागला तर दोष पंजाच्या आत आहे. या एका परीक्षेने पुढचं निम्मं काम वाचतं, पण बहुतेक जण ती टाळून थेट दोऱ्या आवळायला बसतात. त्यातून फिटिंगचा दोष झाकला जातो आणि बोटं कायम अर्धवट वाकलेली राहतात. तशी बोटं वस्तूभोवती उघडतच नाहीत, मग पेला पकडायचा कसा?

दुसरी तपासणी: कफ उचलला जातोय का

दोरी ताणली की ती कफला पुढे खेचते. दोरी खिळीच्या वरून जात असल्यामुळे त्या ओढीने कफची कोपराकडची कड वर उचलली जाते. हा भाग डोळ्यांनी बघायचा. पंजा घाला, मनगट वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कफची मागची कड आणि त्वचा यांच्यात किती फट पडते ते पट्टीने मोजा.

कफ १०० मिमी लांब आहे आणि मागची कड १० मिमी उचलली गेली, तर मनगटाचे जवळजवळ सहा अंश वाया गेले. वरच्या हिशेबाने तेच २ मिमी दोरी झाली. कफ जितका आखूड, तितकं हे नुकसान जास्त. घामाने इलॅस्टिक पट्टा सैल होतो, वेल्क्रोच्या आकड्यांत कापसाचे धागे आणि धूळ अडकते, त्यामुळे सकाळी घट्ट वाटणारा पट्टा दुपारी सुटतो. किनाऱ्यावर वर्षाचे बरेच महिने हवा इतकी दमट असते की हे कारण सर्वांत आधी तपासायला हवं.

उपाय स्वस्त आहे. मागची कड धरून ठेवणारा पट्टा इलॅस्टिकचा नको, २५ मिमी रुंदीचा न ताणणारा पट्टा वापरा आणि तो कड्यातून वळवून परत मागे आणा, म्हणजे ओढल्यावर सुटत नाही. वेल्क्रोच्या आकड्यांमधला कचरा जुन्या दातघासणीने काढा. पट्टा बांधताना एक बोट कष्टाने आत जाईल इतकी जागा ठेवा. दोन बोटं जात असतील तर ढिला आहे आणि एकही जात नसेल तर रक्तप्रवाहाला आवळतोय. बोटं नसलेल्या हाताचं टोक निळसर किंवा थंड पडतंय का ते बघा. लहान मुलं आवळलं जातंय हे सांगत नाहीत, म्हणून तपासायचं आपणच.

तिसरी तपासणी: तळव्याच्या कपात मोकळी जागा

मनगट वाकवल्यावर उरलेला तळवा आधी कपाच्या आत सरकतो आणि मगच पंजाला ढकलतो, असं होत असेल तर तेवढे अंश फुकट जातात. खिळीपासून तळव्याचं टोक ५० मिमीवर आहे आणि आत ५ मिमी मोकळी जागा आहे असं धरा, तर पुन्हा तेच सहा अंश, पुन्हा २ मिमी. कफ आणि कप दोन्हीकडे अशी गळती असली की ४ मिमी संपले. सकाळ-दुपारचा फरक यातूनच समजतो.

तपासण्यासाठी कपात बोट घालून चाचपडू नका. मऊ भिजवलेल्या कणकेचा पातळ गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाच्या वेगवेगळ्या जागी ठेवा, हात घाला, हलकं दाबून काढा. जिथे कणीक जाड राहिली तिथे मोकळी जागा आहे, जिथे पारदर्शक होईल इतकी पातळ झाली तिथे टोचतंय. टोचणाऱ्या जागी अस्तर काढायचं आणि मोकळ्या जागी भरायचं. सगळीकडे सारखं अस्तर चिकटवणं हा नेहमीचा चुकीचा उपाय, कारण त्याने मोकळी जागा तशीच राहते आणि टोचणारी जागा आणखी टोचते.

अस्तरासाठी ३ मिमीचा बंद छिद्रांचा ईव्हीए फोम बरा. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम घाम शोषतो, दोन दिवसांत वास मारतो आणि पावसाळ्यात वाळतच नाही. ओल्या फोमखाली नायटा व्हायला वेळ लागत नाही. फोम कायमचा चिकटवण्याऐवजी वेल्क्रोने बसवा, म्हणजे रोज काढून साबणाने धुता येतो. हातावर घालायला सुती मोज्याची नळी कापून तीन-चार कव्हरं शिवून ठेवा आणि ओलं झालेलं दुपारी बदला. मोजा सुरकुतला तरी वळ उठतो, तेव्हा तो ओढून सपाट करूनच हात आत घाला.

याच वेळी खिळीची जागा बघा. पंजाच्या दोन्ही बाजूंच्या खिळी मनगटाच्या हाडांच्या उंचवट्यांच्या किंचित पुढे, मनगट प्रत्यक्ष वळतं त्या रेषेत यायला हव्यात. त्या पुढे-मागे गेल्या तर मनगट वाकताना पंजा त्वचेवर घासत पुढे-मागे सरकतो. मूठ कमी मिटते आणि त्वचा सोलते, दोन्ही एकदमच. हे अस्तराने सुधारत नाही, माप बदलून पुन्हा छापावं लागतं.

चौथी तपासणी: स्क्रू आणि गाठी

आता पंजाच्या आतली बाजू. कफवरच्या ताण-पेटीत प्रत्येक दोरीसाठी एक सरकती खुंटी आणि तिच्यात साधारण एम-३ मापाचा स्क्रू असतो. स्क्रू फिरवला की खुंटी मागे येते आणि दोरी ताणली जाते. एका फेऱ्यात खुंटी अर्धा मिमी सरकते, कारण एम-३ च्या आट्यांचं अंतर तेवढंच असतं. म्हणजे १.५ मिमी भरून काढायला तीन फेरे. एका वेळी अर्धा फेरा फिरवा, मूठ मिटवून बघा, मग पुढचा. मनगट सरळ असताना बोटं पूर्ण उघडी आणि दोरी नुसती सपाट, ही योग्य अवस्था. मनगट सरळ असतानाच बोटं वाकायला लागली तर जास्त झालं.

स्क्रू फिरवताना प्लास्टिकमधले आटे सोलले जाऊन स्क्रू नुसता गरगर फिरत असेल तर तो आवळण्यात अर्थ नाही. ती खुंटी बदला. छापायला वेळ लागत नाही आणि प्लास्टिक फार थोडं जातं. खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू महिन्याभरात गंजून खुंटीत अडकतात. स्टेनलेसचे घ्या, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर ३१६ दर्जाचे, कारण ३०४ वर मिठाने बारीक खड्डे पडतात.

गाठ तपासताना दोरीवर गाठीपाशी पेनाने खूण करा. पन्नास वेळा मूठ मिटवा. खूण गाठीपासून दूर गेली असेल तर गाठ सरकतेय. पॉलिइथिलीनची विणलेली दोरी इतकी गुळगुळीत असते की साधी गाठ तिच्यावर टिकत नाही, आणि त्यावर टाकलेला सुपरग्लू तिला धड चिकटतही नाही. खुंटीभोवती आधी तीन वेढे द्या, मग दुहेरी गाठ मारा आणि ६ मिमी टोक शिल्लक ठेवा. ताण वेढ्यांनी घेतला की गाठीवर जोर येत नाही.

पाचवी तपासणी: मीठ, रेती आणि नळ्या

दोरी सरळ जात नाही. पंजाच्या पाठीवरून, बोटांच्या मुळांवरून आणि बोटाच्या दोन सांध्यांवरून तिला वळावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर ती थोडी ओढ गमावते. सगळी वळणं मिळून अर्धा वर्तुळ होत असतील आणि घर्षणांक ०.२ असेल तर मनगटाने लावलेल्या एक किलो ओढीतली जेमतेम ५३० ग्रॅम बोटापर्यंत पोहोचते. मीठ-रेतीने घर्षणांक ०.३५ झाला तर फक्त ३३० ग्रॅम. दोरी तीच, मनगट तेच, पकड मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी. किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांच्या पंजांत हा दोष हमखास निघतो.

हे मोजायलाही सोपं आहे. मासळी तोलायच्या लहान स्प्रिंगकाट्याचा हूक एका दोरीत अडकवा आणि ते बोट पूर्ण मिटायला काटा किती दाखवतो ते वाचा. पंजा नवा असताना हा आकडा प्रत्येक बोटासाठी लिहून ठेवलेला असेल तर तुलना करता येते. दीडपट झाला की साफसफाईची वेळ आली.

साफ करायला गोडं पाणी आणि साबणाचे थेंब पुरेत. दोऱ्या काढून नळीत पाइप-क्लीनर किंवा जाड सुती दोरा दोन-तीनदा आरपार ओढा, पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात नको, कारण पुढे येणार आहे. वंगण म्हणून खोबरेल, शिवणयंत्राचं तेल किंवा ग्रीस घालू नका. आठ दिवस बरं वाटतं, मग त्याला चिकटलेली रेती सँडपेपरसारखी काम करते. कोरडं वंगण हवंच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे अगदी थोडा, कापडावर मारून नळीच्या तोंडाला लावा. आणखी चांगला उपाय म्हणजे वळणांत टेफ्लॉनची बारीक नळी घालणं. आतल्या भोकात दोरी सैल जायला हवी आणि नळीची टोकं दोरी कापणार नाहीत अशी गोल घासलेली हवीत.

तंतू उभे राहिलेले दिसले तर नवी दोरी घालण्याआधी ती कड शोधा. दुसऱ्या जाड दोऱ्याला बोटावर घासत नळीतून ओढलं की जिथे अडकतो तीच जागा. बारीक गोल कानस किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवून ती गोल करा. कड तशीच ठेवून दोरी बदलली तर नवी दोरी त्याच ठिकाणी तुटेल.

सहावी तपासणी: दोरी चुकीची आहे का

गळाच्या दुकानात पारदर्शक तंगूस स्वस्त मिळतो, म्हणून बरेच जण तोच घालतात. तंगूस नायलॉनचा. तो ताणाखाली लांबतो, दमट हवेत पाणी शोषून आणखी मऊ पडतो, आणि वळणाला त्याची कायमची कडी पडते. पावसाळ्यात रोज स्क्रू फिरवावा लागतोय असं असेल तर आतमध्ये तंगूस आहे का ते आधी बघा. त्याच दुकानात विणलेली पॉलिस्टर किंवा पॉलिइथिलीनची दोरी मिळते. ती घ्या, जाडी ०.८ ते १ मिमी. भक्कम म्हणून ०.३ मिमीची घेण्याचा मोह टाळा. वजन ती पेलते, पण बारीक असल्यामुळे छापील प्लास्टिकमध्ये करवतीसारखी खाच पाडत जाते आणि त्या खाचेत रुतून बसते.

नवी दोरी घालण्याआधी तिची सुरुवातीची लांबण काढून टाका. एका टोकाला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधून रात्रभर टांगा. विण आवळून बसते, आणि हे केलं नाही तर पहिल्या आठवड्यात तीच लांबण पंजात निघते. सगळ्या दोऱ्या एकाच रिळातून कापा.

इलॅस्टिकही याच वेळी बघा. बोट उघडायला जेवढं लागतं त्यापेक्षा जाड इलॅस्टिक घातलं तर मनगटाची शक्ती त्यालाच ताणण्यात जाते. बोट वाकवून सोडल्यावर ते सेकंदभरात उघडावं, फटकन आपटू नये. इलॅस्टिकमध्ये रबर असल्यास काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. पुरळ नेमकं इलॅस्टिक टेकतं तिथेच असेल तर कारण तेच.

सातवी तपासणी: प्लास्टिकने आकार सोडला का

पीएलए हे छपाईत नेहमी वापरलं जाणारं प्लास्टिक ५५ ते ६० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. मे महिन्यात बंद गाडीत, मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेला पंजा एका दुपारीत वाकतो, आणि वाकलेला थोडा असतो म्हणून नजरेत भरत नाही. ओळखायचं असं: कफ सपाट फरशीवर उपडा ठेवा. चारही कोपरे टेकत नसतील, किंवा खिळींमधलं अंतर वहीतल्या आकड्यापेक्षा दीड-दोन मिमीने बदललं असेल, तर बोटांच्या दोऱ्या कितीही आवळल्या तरी उपयोग नाही.

कफ पीएलएचा असेल तर तो गरम पाण्यात मऊ करून पुन्हा आकाराला आणता येतो. ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा-एक मिनिट पुरतं. आकार मात्र मापाच्या लाकडी ठोकळ्यावर किंवा टॉवेल गुंडाळलेल्या बाटलीवर द्या, माणसाच्या हातावर कधीही नाही. गरम प्लास्टिक त्वचेला चिकटलं तर झटकन काढता येत नाही, आणि अपुऱ्या संवेदनेच्या हाताला भाजलेलं उशिरा कळतं.

पुन्हा छापणार असाल तर कफ आणि तळवा पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापा, ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बोटांच्या सांध्यांच्या खिळी तुटत असतील तर आधी छपाईच्या प्लास्टिक तारेच्या रिळाकडे बघा. जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेलं रीळ ओलं होतं, छापताना नोझलपाशी चटचट आवाज येतो आणि थर एकमेकांना धड चिकटत नाहीत. पीएलए ४५ ते ५० अंशांवर, पीईटीजी ६५ अंशांवर चार ते सहा तास वाळवून मगच छापा.

दुरुस्तीनंतरची चाचणी

पंजा लगेच हातावर चढवू नका. आधी टेबलावर दोऱ्या ओढून पन्नास वेळा मिटवा-उघडा आणि गाठीच्या खुणा पुन्हा बघा. मग बोटं वाकवून त्यांत पिशवी अडकवा आणि तिच्यात एक लिटरची भरलेली बाटली ठेवून दोन मिनिटं तशीच ठेवा. काही तुटायचंच असेल तर ते इथे, टेबलावर तुटलेलं बरं.

त्यानंतर पंजा घालून तीन वस्तू पकडा: अर्ध्या लिटरची बाटली, टेनिस बॉल आणि मध्यम हापूस. बाटली गोल आणि गुळगुळीत, बॉल मोठा, आंबा मऊ, त्यामुळे पकड, उघडझाप आणि दाब तिन्ही कळतं. बाटली एक मिनिट निसटू नये. मूठ मिटल्यावर तर्जनी आणि अंगठा यांच्यातली फट पट्टीने मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. नंतर बाहू ओल्या कापडाने पुसून हेच पुन्हा करा. ओल्या त्वचेवर फट ३ मिमीपेक्षा जास्त वाढली तर कफ अजून सरकतोय, दुसरी तपासणी परत करा.

घालण्याचा वेळही पायरीने वाढवा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, काढून त्वचा बघणं, मग अर्धा तास, मग एक तास. अस्तर बदललं असेल तर ही पायरी पुन्हा पहिल्यापासून.

हा पंजा हलक्या वस्तूंसाठी आहे. सायकलचा ब्रेक, उकळतं पातेलं, कोयता, होडीची दोरी, माडावर चढणं यांसाठी तो कितीही घट्ट केला तरी सुरक्षित होत नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञाकडे जा

पुढीलपैकी काहीही असेल तर घरची दुरुस्ती थांबवा. पंजा काढून अर्ध्या तासानंतरही वळ राहतो, त्वचा फाटली आहे, फोड आला आहे किंवा पाणी येतंय. हाताचं टोक सुजलंय, बधिर आहे, निळसर पडतंय. एका ठरावीक जागी दाबलं की झिणझिणी सणकन वर जाते, कारण तिथे मज्जातंतूचं टोक दुखरं झालेलं असू शकतं आणि अस्तराने ते बरं होत नाही. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली नसेल तर पंजा घालूच नका.

मनगट २० अंशांपेक्षा कमी वाकत असेल तर वरच्या हिशेबाने जेमतेम ७ मिमी दोरी ओढली जाते. हे दुरुस्तीने भरून निघत नाही, आराखडाच दुसरा हवा. मूल वाढलंय, पट्टा शेवटच्या टोकाला आलाय, खिळी मनगटाच्या मागे राहायला लागल्यात, अशा वेळीही अस्तर काढून जागा करत बसू नका, नवं माप घ्या. वाढत्या मुलाचं माप दर तीन महिन्यांनी घेणं बरं. आणि एकच भाग दोनदा त्याच जागी तुटला असेल, तर तिसऱ्यांदा तोच छापण्याआधी जाणकाराला दाखवा.

जायचं कुणाकडे, तर नोंदणीकृत प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात आधी चौकशी करा, ते पुढे पाठवतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयवांचा विभाग आहे. जाताना पंजा, वापरात असलेलं अस्तर, फटीचे आकडे लिहिलेली वही आणि वळ पडलेल्या जागेचे पंजा काढल्याबरोबर आणि अर्ध्या तासाने काढलेले फोटो सोबत न्या. फोटोत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे वळाचा आकार मोजता येईल.